सारणीच्या फोटोवरून काय-वर्ग चाचणी: अंक वाचण्यापासून निर्णय लिहिण्यापर्यंत

संख्याशास्त्र शिकवणाऱ्याच्या फोनमध्ये कुटुंबाच्या फोटोंपेक्षा तक्त्यांचे फोटो जास्त साठतात. वहीचं पान, फळा, छापील अहवालाचा कोपरा असं काहीतरी असतं आणि खाली एकच ओळ: ‘यावर काय-स्क्वेअर लावायचंय.’ गणित फार अवघड नसतं. बेरीज, गुणाकार, भागाकार आणि वर्ग आले की पुरे. चुका होतात त्या आकडेमोडीच्या आधी, म्हणजे फोटो वाचताना, आणि नंतर, म्हणजे निर्णय शब्दांत मांडताना. म्हणून या लेखात एकच तक्ता घेऊन तो अगदी फोटोपासून शेवटच्या वाक्यापर्यंत सोडवू. आकडे समजावण्यापुरते मी बनवलेले आहेत, पण त्यातली गफलत खऱ्या फोटोंमध्ये वरचेवर दिसणारी आहे.

प्रश्न असा: वयोगट आणि पुस्तकाचा आवडता प्रकार यांचा एकमेकांशी संबंध आहे का? २०० वाचकांपैकी प्रत्येकाला त्याचं वय आणि एकच आवडता प्रकार विचारला. उत्तरं हाताने तक्त्यात भरली आणि त्याचा फोटो काढला. अशा दुहेरी तक्त्याला आकस्मिकता सारणी म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे: ओळींत एका गुणधर्माचे गट, स्तंभांत दुसऱ्याचे आणि प्रत्येक चौकटीत त्या जोडीत बसणाऱ्या माणसांची मोजदाद.

## फोटोतून कागदावर

फोटो उघडला की आधी अंकांकडे पाहू नका, कडांकडे पाहा. तक्त्याचं शीर्षक, वरची मथळ्यांची ओळ, उजवीकडचा बेरजेचा स्तंभ, खालची बेरजेची ओळ आणि त्याखालची बारीक टीप हे सगळं फोटोत आलंय का? टीप कापली गेली असेल तर पुन्हा फोटो मागवा. ‘एकाहून अधिक उत्तरे चालतील’ एवढे चारच शब्द त्या टिपेत असले तरी ही चाचणी या तक्त्यावर चालणार नाही, कारण मग एकच माणूस दोन चौकटींत मोजला गेलेला असतो. चौकटींमध्ये मोजलेली माणसं आहेत की टक्के, हेही इथेच कळतं. टक्के असतील तर मूळ संख्या मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

एखाद्या चौकटीत नुसती आडवी रेघ असेल तर ती शून्य आहे की ‘माहिती नाही’ आहे, हे विचारून घ्या. या दोन गोष्टी गणितात फार वेगळ्या पडतात.

आता अंक. मराठी हस्ताक्षरातल्या तक्त्यांची एक खास पंचाईत असते: एकाच पानावर देवनागरी आणि इंग्रजी अंक शेजारी शेजारी नांदतात. चौकटींतले आकडे देवनागरीत आणि बेरजा कॅल्क्युलेटरवरून उतरवल्यामुळे इंग्रजीत, असं तर नेहमीचंच. घाईत काढलेला देवनागरी १ हुबेहूब इंग्रजी नऊसारखा दिसतो. ४ चं डोकं जुळलं की तो इंग्रजी आठ होतो. ५ तर इंग्रजी चारच्या इतका जवळ जातो, की मी स्वतः एकदा अख्खा स्तंभ चुकीचा उतरवला होता. म्हणून कुठलाही आकडा लिहून घेण्याआधी त्या ओळीतले अंक कोणत्या लिपीत आहेत ते ठरवा, आणि तोच अंक त्याच हस्ताक्षरात दुसरीकडे कसा काढलाय ते ताडून पाहा.

आपल्या फोटोतून पहिल्या वाचनात हा तक्ता हाती आला:

| वयोगट | छापील | ई-पुस्तक | ऑडिओ | बेरीज |
|---|---|---|---|---|
| १८ ते ३० | २६ | ३९ | १५ | ७२ |
| ३१ ते ५० | ३८ | २३ | १७ | ७८ |
| ५१ व पुढे | ३२ | १० | ८ | ५० |
| बेरीज | ९६ | ६४ | ४० | २०० |

## बेरजा जुळवून बघा

फोटोतल्या बेरजा हा तुमचा साक्षीदार आहे, त्याची उलटतपासणी घ्या. स्वतः उतरवलेल्या चौकटींची बेरीज करा आणि फोटोतल्या बेरजेशी ताडा. दुसरी ओळ ३८ + २३ + १७ = ७८, बरोबर. तिसरी ३२ + १० + ८ = ५०, बरोबर. पहिली मात्र २६ + ३९ + १५ = ८० येते आणि फोटोत आहे ७२. म्हणजे ८ जास्त. आता स्तंभ: छापील ९६ जुळतो, ऑडिओ ४० जुळतो, पण ई-पुस्तकांचा ३९ + २३ + १० = ७२ येतो आणि फोटोत ६४. इथेही ८ च जास्त.

एक ओळ आणि एक स्तंभ सारख्याच फरकाने चुकले, तर दोष त्यांच्या छेदावरच्या चौकटीत असतो. इथे ती चौकट आहे ३९. तिच्यातून ८ वजा केले की ३१ येतात. फोटो मोठा करून पाहिला तर खरोखरच ते देवनागरी ३१ आहे, आपण शेवटचा १ इंग्रजी नऊ समजून वाचला. १ ला ९ वाचलं की एकं स्थानी ८ चा आणि दहं स्थानी ८० चा फरक पडतो. त्यामुळे असा फरक दिसला की संशय कोणावर घ्यायचा ते लगेच कळतं.

फरकांचे आणखी दोन नमुने ओळखीचे करून ठेवावेत. फक्त एकच ओळ चुकते आणि सगळे स्तंभ जुळतात, तेव्हा चौकटी ठीक असून त्या ओळीची बेरीजच चुकीची वाचली किंवा लिहिली गेलेली असते. एक ओळ जितकी वाढते तितकीच दुसरी घटते आणि स्तंभ मात्र जुळतात, तेव्हा एकाच स्तंभातले दोन आकडे आपापसांत बदलून उतरवले गेलेत. आणि फरक ९ च्या पटीत असेल तर अंकांची अदलाबदल तपासा: ३२ च्या जागी २३ लिहिलं की ९ चाच फरक येतो. जमाखर्च लिहिणाऱ्यांची ही जुनी युक्ती इथेही चालते.

फोटोत बेरजा नसतीलच तर हा साक्षीदार नाही. अशा वेळी तक्ता दोन वेगळ्या माणसांनी वेगवेगळा उतरवावा आणि मग जुळवावा. तोच माणूस दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा तो फोटो वाचत नसतो, स्वतःचं पहिलं वाचन आठवत असतो.

दुरुस्त तक्त्यात पहिली ओळ आता २६, ३१, १५ अशी आहे. बाकी सगळं तेच.

## आधी काय ठरवायचं

आकडेमोडीला हात घालण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. शून्य परिकल्पना: वयोगट आणि आवडता प्रकार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. पर्यायी परिकल्पना: ते स्वतंत्र नाहीत. सार्थकता पातळी: ५ टक्के. ही पातळी आधीच लिहायची, कारण उत्तर पाहून पातळी निवडली तर हवा तो निर्णय काढता येतो. आपल्याच तक्त्यात ते किती सहज होतं, हे शेवटी दिसेल.

‘स्वतंत्र’ म्हणजे काय ते नेमकं समजून घेऊ. सगळ्या वाचकांमध्ये छापील पुस्तक आवडणारे ४८ टक्के आहेत, २०० पैकी ९६. वयाचा आवडीशी संबंधच नसेल तर प्रत्येक वयोगटातही साधारण ४८ टक्केच छापीलवाले निघायला हवेत. सगळी चाचणी या एका वाक्यावर उभी आहे.

## अपेक्षित संख्या

वरच्या वाक्याचंच गणित करायचं. पहिल्या वयोगटात ७२ वाचक आहेत. त्यांचे ४८ टक्के म्हणजे ३४.५६. सूत्र म्हणून लिहायचं तर ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण:

७२ × ९६ ÷ २०० = ३४.५६

बाकीच्या आठ चौकटी अशाच भरल्या की अपेक्षित संख्यांचा तक्ता तयार होतो:

| वयोगट | छापील | ई-पुस्तक | ऑडिओ | बेरीज |
|---|---|---|---|---|
| १८ ते ३० | ३४.५६ | २३.०४ | १४.४० | ७२ |
| ३१ ते ५० | ३७.४४ | २४.९६ | १५.६० | ७८ |
| ५१ व पुढे | २४.०० | १६.०० | १०.०० | ५० |
| बेरीज | ९६ | ६४ | ४० | २०० |

या तक्त्याच्या बेरजा मूळ तक्त्याइतक्याच यायला हव्यात. आल्या नाहीत तर गुणाकारात कुठेतरी घसरलात.

‘साडेचौतीस माणसं कशी असतील?’ हा प्रश्न दर वर्षी येतो आणि कोणीतरी ३४.५६ चे ३५ करून मोकळा होतो. तसं करू नका. अपेक्षित संख्या ही खरी माणसं नव्हेत. असा तक्ता पुन्हा पुन्हा गोळा केला तर त्या चौकटीत येणारी ती सरासरी आहे, आणि सरासरी अपूर्णांकात असू शकते. आपल्या उदाहरणात पूर्णांक केल्यास शेवटचं उत्तर १०.५० ऐवजी १०.७३ येतं. इथे त्याने निर्णय बदलत नाही, पण सीमेजवळच्या तक्त्यात बदलू शकतो. दोन दशांश स्थळं ठेवली की काम भागतं.

अपेक्षित संख्या हाती आल्या की चाचणी लावण्याजोगी आहे का तेही बघता येतं. वापरात असलेला नियम विल्यम कॉक्रन यांचा: अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असलेल्या चौकटी एकूण चौकटींच्या २० टक्क्यांहून जास्त नसाव्यात आणि कोणतीही अपेक्षित संख्या १ पेक्षा कमी नसावी. आपली सर्वांत लहान अपेक्षित संख्या १० आहे, त्यामुळे अडचण नाही. लोक हा नियम चुकून मूळ मोजलेल्या संख्यांना लावतात. आपल्या तक्त्यात ८ च्या जागी ३ असते तरी बिघडलं नसतं, जोवर तिथली अपेक्षित संख्या मोठी आहे. नियम मोडत असेल तर अर्थाला धरून दोन गट एकत्र करावेत, जसे शेजारचे वयोगट. निव्वळ आकडे लहान आहेत म्हणून न जुळणारे गट एकत्र बांधू नयेत. दोन बाय दोनच्या छोट्या तक्त्यासाठी फिशर यांची अचूक चाचणी हा सरळ मार्ग आहे.

## काय-वर्ग काढताना

प्रत्येक चौकटीत मोजलेल्या संख्येतून अपेक्षित संख्या वजा करायची, वर्ग करायचा आणि अपेक्षित संख्येनेच भागायचं. नऊही चौकटींची बेरीज म्हणजे काय-वर्गाचं मूल्य.

χ² = Σ (O − E)² / E

यातला O म्हणजे मोजलेली संख्या आणि E म्हणजे अपेक्षित. भागाकाराचं कारण लक्षात आलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. १० अपेक्षित असताना ८ चा फरक पडणं ही मोठी गोष्ट आहे, १००० अपेक्षित असताना तोच फरक किरकोळ. E ने भागल्यामुळे फरकाला त्याच्या जागेप्रमाणे वजन मिळतं.

पहिली चौकट पूर्ण करून दाखवतो. २६ − ३४.५६ = −८.५६. त्याचा वर्ग ७३.२७३६. त्याला ३४.५६ ने भागलं की २.१२. ऋण चिन्ह वर्गात गेलं, त्यामुळे कमतरता आणि जास्ती दोन्ही सारख्याच मोजल्या जातात. नऊही चौकटींचे वाटे असे:

| वयोगट | छापील | ई-पुस्तक | ऑडिओ |
|---|---|---|---|
| १८ ते ३० | २.१२ | २.७५ | ०.०३ |
| ३१ ते ५० | ०.०१ | ०.१५ | ०.१३ |
| ५१ व पुढे | २.६७ | २.२५ | ०.४० |

पूर्ण दशांशांसह बेरीज केली तर १०.५० येते. तक्त्यातले दोन दशांशांवर आणलेले आकडे मिळवले तर १०.५१ येईल. तो फरक चुकीचा नसून दशांश कापल्याचा आहे. परीक्षेत यावरून घाबरून कोणी खोडाखोड करू नये.

इथे एक ओळखीची गफलत: काही जण E ऐवजी O ने भागतात. तसं केलं तर मोजलेली संख्या शून्य असलेल्या चौकटीत भागाकारच करता येत नाही, तिथे चूक आपोआप पकडली जाते. पण शून्य नसलेल्या तक्त्यात उत्तर येतं आणि ते चूक आहे हे दिसतही नाही.

## स्वातंत्र्य मात्रा: चमक पडलेल्या फोटोतून समजणारी गोष्ट

१०.५० हा आकडा मोठा की लहान? ते स्वातंत्र्य मात्रेवर ठरतं. वर्गात सगळे तिला डिग्री ऑफ फ्रीडमच म्हणतात. सूत्र आहे (ओळी − १) × (स्तंभ − १), म्हणजे इथे २ × २ = ४. पण हे चार कशाचे चार?

समजा फोटोवर दिव्याची चमक पडली आणि तक्त्याची शेवटची ओळ आणि शेवटचा स्तंभ दिसेनासा झाला. बेरजा शाबूत आहेत. वाचता येतात फक्त चार चौकटी: २६, ३१, ३८ आणि २३. तरी पूर्ण तक्ता परत उभा करता येतो. पहिल्या ओळीत ७२ − २६ − ३१ = १५. दुसऱ्या ओळीत ७८ − ३८ − २३ = १७. पहिल्या स्तंभात ९६ − २६ − ३८ = ३२. दुसऱ्यात ६४ − ३१ − २३ = १०. उरलेला कोपरा ओळीने काढा, ५० − ३२ − १० = ८, किंवा स्तंभाने काढा, ४० − १५ − १७ = ८. बेरजा एकदा ठरल्या की नऊपैकी चारच चौकटींना स्वतःचं काही सांगता येतं, बाकीच्या पाच त्यांच्या मागे ओढल्या जातात. स्वातंत्र्य मात्रा ४ म्हणजे एवढंच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, कोणत्याही चार चौकटी झाकल्या तरी तक्ता परत मिळेल असं नाही. चमक चार कोपऱ्यांवर पडली, म्हणजे २६, १५, ३२ आणि ८ वर, तर अडलं. २६ आणि ८ एकेकाने वाढवा, १५ आणि ३२ एकेकाने कमी करा, एकही बेरीज हलत नाही. मग खरे आकडे कोणते हे फोटोवरून सांगता येणार नाही. दोन, झाकलेल्या चौकटी बेरजांवरून भरल्या की बेरजांचा साक्षीदार म्हणून उपयोग संपतो. आता वाचनात चूक असली तरी ती पकडायला कोणी उरलेलं नाही.

स्वातंत्र्य मात्रेवरून खुद्द या चाचणीचा जनकही चुकला होता. कार्ल पिअर्सन यांनी काय-वर्ग १९०० साली मांडला. दुहेरी तक्त्यासाठी ते एकूण चौकटी वजा १ असा हिशेब धरत, म्हणजे आपल्या तक्त्यात ८. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ साली दाखवून दिलं की ओळी आणि स्तंभांच्या बेरजा आपण याच आकड्यांवरून घेतो, त्यामुळे तितकं स्वातंत्र्य कमी होतं आणि बरोबर उत्तर वर दिलेल्या सूत्राचं, म्हणजे ४. हा वाद पुस्तकी नव्हता. काय-वर्ग ज्या आकड्यापुढे गेला की शून्य परिकल्पना नाकारायची, त्याला क्रांतिक मूल्य म्हणतात. ५ टक्के पातळीला ४ मात्रांचं क्रांतिक मूल्य ९.४८८ आहे आणि ८ मात्रांचं १५.५०७. आपलं १०.५० या दोघांच्या मध्ये बसतं. पिअर्सन यांच्या मोजणीने निर्णय एक, फिशर यांच्या मोजणीने दुसरा.

## निर्णय आणि त्याची भाषा

पुस्तकाच्या मागच्या काय-वर्ग तक्त्यात ४ मात्रांच्या ओळीत आणि ०.०५ च्या स्तंभात ९.४८८ सापडतं. १०.५० हे त्याहून जास्त. काय-वर्ग चाचणीत नेहमी वरच्या, म्हणजे मोठ्या मूल्यांच्या टोकाकडेच पाहायचं, कारण तक्ता अपेक्षेपासून दूर गेला की मूल्य वाढतंच. पी-मूल्य येतं ०.०३३, जे ०.०५ पेक्षा कमी आहे. दोन्ही वाटांनी उत्तर एकच निघायला हवं. वेगळं निघालं तर मात्रा किंवा पातळी चुकीच्या ओळीत वाचली आहे.

उत्तरपत्रिकेत किंवा अहवालात लिहायचं वाक्य असं:

‘वयोगट आणि पुस्तकाचा आवडता प्रकार यांतील स्वातंत्र्य तपासण्यासाठी काय-वर्ग चाचणी केली. χ²(4, N = 200) = 10.50, p = 0.033. मूल्य ५ टक्के पातळीच्या क्रांतिक मूल्यापेक्षा (९.४८८) जास्त असल्याने शून्य परिकल्पना नाकारली. वयोगट आणि आवडता प्रकार यांच्यात संबंध असल्याचा पुरावा या नमुन्यातून मिळतो.’

या वाक्यात ‘सिद्ध झाले’ नाही. ‘वय वाढल्यामुळे आवड बदलते’ असंही नाही. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकाच वेळी विचारलेलं आहे, एकाच माणसाची आवड वर्षानुवर्षं पाहिलेली नाही. पी-मूल्याचं वाचनही सांभाळून करावं. ०.०३३ म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३.३ टक्के, असं नव्हे. शून्य परिकल्पना खरी असती तर एवढं किंवा याहून मोठं काय-वर्ग मूल्य निव्वळ योगायोगाने येण्याची ती शक्यता आहे. आणि निर्णय उलटा लागला असता तर ‘स्वतंत्र आहेत’ असं न लिहिता ‘संबंध असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही’ असं लिहायचं.

आता सार्थकता पातळीचा तो अर्धवट सोडलेला धागा. १ टक्का पातळीला ४ मात्रांचं क्रांतिक मूल्य १३.२७७ आहे. १०.५० त्याच्या खाली राहतं. म्हणजे याच तक्त्यावर ५ टक्क्यांना परिकल्पना नाकारली जाते आणि १ टक्क्याला नाही. आणि आपण ३१ ला ३९ वाचलं होतं ते तसंच ठेवून, बेरजाही त्याप्रमाणे बदलून पुढे गेलो असतो तर? एकूण २०८ झाले असते आणि काय-वर्ग १५.६४. मग १ टक्का पातळीलाही परिकल्पना नाकारली गेली असती. एका देवनागरी एक्याने ते घडवलं असतं.

टक्क्यांच्या तक्त्यावर ही चाचणी का नको, तेही इथेच स्पष्ट होतं. सगळे आकडे दुप्पट केले, म्हणजे टक्के तेच आणि वाचक ४००, तर काय-वर्गही दुप्पट, २१.०० होतो. निम्मे केले तर ५.२५, आणि निर्णय उलटतो. टक्केवारीत माणसं किती होती हेच पुसलं जातं, आणि पुरावा किती वजनाचा हे त्या संख्येवरच ठरतं.

## फरक नेमका कुठे आहे

चाचणी फक्त ‘कुठेतरी संबंध आहे’ एवढंच सांगते. कुठे, ते वाट्यांच्या तक्त्यात दिसतं. छापील आणि ई-पुस्तक या दोन स्तंभांतल्या, सर्वांत तरुण आणि सर्वांत वडील या दोन ओळींतल्या चार चौकटींचे वाटे मिळून ९.७९ होतात. एकूण १०.५० पैकी जवळजवळ सगळं तिथेच आहे. तरुणांत ई-पुस्तक अपेक्षेपेक्षा जास्त आणि छापील कमी, वडीलधाऱ्यांत नेमकं उलटं. मधला वयोगट आणि ऑडिओचा स्तंभ अपेक्षेच्या आसपासच आहेत. म्हणून ‘ऑडिओ पुस्तकं तरुणांना आवडतात’ असं काही या तक्त्यावरून लिहिता येत नाही.

संबंध किती घट्ट, हे सांगायला क्रेमर यांचा व्ही काढतात. काय-वर्गाला, एकूण संख्या गुणिले (ओळी किंवा स्तंभ यांपैकी लहान संख्या − १) याने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. १०.५० ÷ (२०० × २) चं वर्गमूळ ०.१६. हा ० ते १ मध्ये असतो, त्यामुळे आपला संबंध सौम्यच म्हणायचा. निर्णयाच्या वाक्याशेजारी हा आकडा दिला की वाचणाऱ्याची दिशाभूल होत नाही.

## संगणकावर पडताळा

हाताने केलेलं गणित ताडून पाहायला पायथॉनच्या चार-पाच ओळी पुरतात:

```python
from scipy.stats import chi2_contingency
t = [[26, 31, 15], [38, 23, 17], [32, 10, 8]]
x2, p, df, e = chi2_contingency(t)
print(round(x2, 2), df, round(p, 4))
print(e.round(2))
```

पहिल्या ओळीत `10.5 4 0.0328` छापून येतं आणि खाली अपेक्षित संख्या. तक्ता दोन बाय दोनचा असेल तर हे फंक्शन आपणहून येट्स यांची दुरुस्ती लावतं, आणि मग तुमचं हातचं उत्तर थोडं जास्त येईल. `correction=False` दिलं की दोन्ही जुळतात. स्प्रेडशीट वापरणार असाल तर `=CHISQ.DIST.RT(10.5,4)` ने पी-मूल्य मिळतं. `CHISQ.TEST` ला मोजलेल्या आणि अपेक्षित, दोन्ही संख्यांच्या पट्ट्या द्याव्या लागतात आणि तेही पी-मूल्यच परत देतं. त्या उत्तराला काय-वर्ग समजून ९.४८८ शी ताडणारे मी पाहिलेत.

फोटोवरून तक्ता टाइप करताना एक सापळा उरतो आणि तो सहसा नजरेत येत नाही: बेरजेची ओळ आणि बेरजेचा स्तंभही आकड्यांबरोबर भरले जाणं. आपल्या तक्त्यात तसं करून पाहा. काय-वर्ग तेच १०.५० येतं, कारण बेरजेच्या चौकटींत मोजलेली आणि अपेक्षित संख्या तंतोतंत सारखी पडते आणि त्यांचा वाटा शून्य होतो. हातच्या उत्तराशी जुळलं म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण संगणकाच्या लेखी तक्ता आता चार बाय चारचा आहे. मात्रा ९ धरल्या जातात, पी-मूल्य ०.३१ येतं आणि नाकारायला हवी ती परिकल्पना तशीच राहते. छापून आलेल्या ओळीत ४ च्या जागी ९ दिसला की समजायचं, बेरजा आत शिरल्यात.